शब्द शेजारून येतात, मग अहिराणीचा ‘ना-नी-नं’ कुठून आला?

जनगणना जवळ आली की खान्देशात एक जुना वाद परत निघतो. मातृभाषेच्या रकान्यात काय सांगायचं, अहिराणी की मराठी? २०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ ही वेगळी भाषा म्हणून मोजली गेलीय, साधारण साडेअठरा लाख लोक, आणि अहिराणी त्याच नावाखाली येते. आता २०२७ ची मोजणी येतेय म्हणून पारावर, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे हा विषय चालू आहे आणि त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, “अरे भाऊ अहिराणी म्हणजे दुसरं काय, मराठीच, फक्त बॉर्डरवर असल्यामुळे गुजराती मिसळलेली.”

ऐकायला पटतंही ते. नवापूर-नंदुरबार अगदी गुजरातला खेटून, सुरत ते बुऱ्हाणपूर हा जुना व्यापारी रस्ता खान्देशातूनच जायचा, माल आला, माणसं आली, भाषा मिसळली, झालं. पुरावा मागितला तर तोही लगेच हातात ठेवतात. ‘रामना भाऊ’, ‘घरमा’ हे काय मराठी आहे का, गुजरातीच आहे ना सरळ सरळ.

गंमत अशी आहे की हाच पुरावा ‘मिसळली’ या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. कारण भाषा कशाही मिसळत नाहीत, आधी काय जातं, मग काय जातं आणि काय जवळजवळ शेवटपर्यंत जात नाही याचा एक क्रम असतो, आणि ‘ना’ आणि ‘मा’ बरोबर त्या शेवटच्या टोकाला बसलेत. हा क्रम समजला की अहिराणीचा वाद कुठे घसरतो ते दिसतं, म्हणून आधी तोच बघू.

## उतरंड म्हणजे काय

दोन भाषा बोलणारी माणसं पिढ्यानपिढ्या एकत्र राहिली की एका भाषेतल्या गोष्टी दुसरीत येतात, याला उसनवारी म्हणू. (परत कोणी करत नाही हा भाग वेगळा.) कोणत्या गोष्टी किती सहज येतात याची जी चढती-उतरती मांडणी अभ्यासकांनी केलीय तिला उसनवारीची उतरंड म्हणू. या लेखात नवीन शब्द एवढेच, अजून एखादा लागला तर तिथेच सांगतो.

अमेरिकन अभ्यासक व्हिटनी यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं की नामं सगळ्यात सहज जातात आणि व्याकरणाचे प्रत्यय सगळ्यात अवघड. तेव्हा तो अंदाज होता, मोजमाप बरंच नंतर झालं. २००९ मध्ये जगभरातल्या ४१ भाषांचा एक मोठा तौलनिक अभ्यास छापून आला, प्रत्येक भाषेसाठी १४६० अर्थांची तीच यादी, म्हणजे पाणी, हात, घोडा, जाणं, मोठं असले अर्थ, आणि प्रत्येकाला त्या भाषेत जो शब्द आहे तो घरचा की बाहेरचा हे तपासलं. नामांपैकी सुमारे ३१ टक्के बाहेरची निघाली. क्रियापदांमध्ये हेच प्रमाण १४ टक्के, आणि ‘मी, हा, वर, आणि’ असल्या व्याकरणाच्या शब्दांमध्ये १२ टक्के. म्हणजे नामांचं प्रमाण बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त, आणि हे एका प्रदेशापुरतं नाही.

मराठीत हे रोज दिसतं. मोबाईल, टेबल, डॉक्टर हे जसेच्या तसे आले. क्रियापद आणायची वेळ आली की मात्र आपण हात राखून वागतो, ‘डाउनलोडणे’ असं कोणी म्हणत नाही, ‘डाउनलोड करणे’ म्हणतात, म्हणजे बाहेरच्या क्रियापदाला आधी नाम करून बसवलं आणि काळ, पुरुष, वचन सांभाळायचं काम घरच्या ‘करणे’कडे दिलं. ‘बदलणे’, ‘फर्मावणे’ असे अपवाद आहेत, अरबी-फारसीतून आले आणि सरळ मराठी क्रियापदासारखे चालायला लागले, पण ते मोजकेच.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे शब्द बनवणारे प्रत्यय. इथे मराठीने फारसीकडून बऱ्यापैकी घेतलंय. पाणी आपलं, ‘दार’ फारसी, झालं ‘पाणीदार’. दादा आपला, ‘गिरी’ तिकडची. भांडण आपलं (ते तर फारच आपलं) आणि त्याला ‘खोर’ लावून ‘भांडखोर’. इथे नीट बघण्यासारखी गोष्ट ही की हे प्रत्यय एकटे आलेले नाहीत. आधी जमीनदार, फौजदार असे अख्खे शब्द ढिगाने आले, मग लोकांच्या कानाला ‘दार’चा अर्थ कळला, आणि मग तो घरच्या शब्दाला लागला. म्हणजे मागे शब्दांचा मोठा साठा असल्याशिवाय प्रत्यय सुटा होत नाही. ही गोष्ट लक्षात राहू द्या, अहिराणीपाशी लागणार आहे.

आणि विभक्ती? इतकी शतकं फारसी दरबारात, दफ्तरात होती, पण ‘ला, ने, चा, त’ यातलं एकही हललं नाही. इंग्रजीचं तेच. ‘शूज’, ‘चिप्स’ मध्ये इंग्रजीचा अनेकवचनाचा प्रत्यय आलाय पण तो शब्दात बंद होऊन आलाय, तो सुटून ‘भाकरीज’ असं कोणी म्हणत नाही. उलट आपणच फाईलचं ‘फायली’ करतो, डॉक्टरला ‘डॉक्टरांनी’ करतो.

## एक अपवाद वाटणारी गोष्ट, पण, किंवा, आणि

व्याकरणाचे शब्द अवघड जातात असं आत्ताच म्हटलं, पण त्यातला एक गट मात्र फार लवकर जातो, वाक्य जोडणारे शब्द. यारोन मात्रास नावाच्या अभ्यासकांनी बऱ्याच भाषांची तुलना करून यातही क्रम दाखवला, ‘पण’ सगळ्यात आधी उसना घेतला जातो, नंतर ‘किंवा’, आणि ‘आणि’ सगळ्यात शेवटी. म्हणजे एखाद्या भाषेने ‘आणि’ उसना घेतला असेल तर ‘किंवा’ आणि ‘पण’ पण घेतलेले सापडावेत, उलटं लागू नाही.

मराठीला लावून बघा. ‘आणि’ घरचा आहे, पण त्याच्या शेजारी ‘व’ बसलाय, तो अरबी-फारसीकडून आला. ‘किंवा’च्या जागी ‘अगर’ चालतो, “स्वतः अगर प्रतिनिधीमार्फत” असं सरकारी कागदावर अजून असतं, तोही फारसी. आणि ‘पण’साठी संस्कृत ‘परंतु’ तर आहेच, बोलण्यात ‘लेकिन’ही टाकतात लोक. तिन्ही ठिकाणी बाहेरचा माल आहे, म्हणजे क्रम मोडत नाही.

‘पण’च का आधी? मात्रास यांचं म्हणणं असं की ‘पण’ म्हणताना बोलणारा समोरच्याची अपेक्षा मोडत असतो, तिथे डोक्यावर जास्त ताण येतो, आणि दोन भाषा डोक्यात सोबत असणाऱ्याचं नेमकं त्या क्षणी ‘आत्ता कुठली भाषा चालूये’ यावरचं लक्ष सुटतं. जास्त वापरातल्या भाषेचा ‘पण’ तोंडातून निसटतो. शिवाय हे शब्द वाक्याच्या कडेला असतात, त्यांना लिंग नाही वचन नाही, ते बदलले तरी आतल्या वाक्याला धक्का लागत नाही.

## विभक्तीचं काय एवढं अवघड?

विभक्तीचं बरोबर उलट आहे. ‘चा’ घ्या. एकट्या ‘चा’ला अर्थ विचारला तर सांगता येत नाही. तो शब्दाला चिकटलेला, त्याच्या आधी शब्दाचं रूप बदलतं (घोडा, पण घोड्याचा), आणि पुढच्या वस्तूचं लिंग-वचन बघून तो स्वतःही बदलतो, चा-ची-चं-चे-च्या. म्हणजे हा एक प्रत्यय नाहीच, हा अख्खा कोष्टकच आहे, आणि त्यातला एक तुकडा काढून तिथे परका बसवायचा तर बाकीच्या तुकड्यांशी तो जुळला पाहिजे. वर, गरज काय? ‘मोबाईल’ आला कारण वस्तू नवीन होती. मालकी दाखवायची सोय तर प्रत्येक भाषेत आधीच असते.

म्हणून थॉमसन आणि कॉफमन या जोडीने १९८८ मध्ये जी श्रेणी मांडली तिच्यात थोडा संपर्क असेल तर फक्त शब्द, जास्त असेल तर वाक्य जोडणारे शब्द आणि शब्द बनवणारे प्रत्यय, आणि विभक्ती-काळ यांचे प्रत्यय हलायला फारच दाट, कित्येक पिढ्यांचा दुभाषीपणा लागतो असं धरलंय. बाजाराला आठवड्यातून एकदा येणाऱ्या व्यापाऱ्याकडून ‘घरमा’मधला ‘मा’ येत नाही.

## शब्द घरचे, वाक्य दुसऱ्याचं

इथे एक घोळ होतो तो आधी निस्तरू. व्याकरण उसनं येतं म्हणजे प्रत्ययाचा आवाजच आला पाहिजे असं नाही. आवाज सगळे घरचे ठेवून नुसती मांडणी बाहेरची घेता येते, आणि ही गोष्ट प्रत्यय घेण्यापेक्षा कितीतरी सोपी आहे.

“मी तुला मदत करतो” हे मराठी. आता बरीच मुलं “मी तुझी मदत करतो” म्हणतात. यात परका शब्द शोधून सापडणार नाही, पण मांडणी हिंदीच्या “तेरी मदद”ची आहे. विभक्ती मराठी, ती कुठे लावायची हा नियम हिंदी. शब्द मोजणाऱ्याला ही उसनवारी दिसतच नाही, आणि शुद्ध भाषेचा आग्रह धरणारे बहुतेक शब्दच मोजतात.

याचं जगात सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये त्यावर लेख लिहिला. गावात जैन लोक कन्नड बोलणारे, मुसलमान उर्दू, आणि मराठी ही सगळ्यांच्या मधली भाषा. पुरुषमाणसं दिवसभर दोन-तीन भाषांमध्ये ये-जा करणारी. त्यांनी तिथलं एक वाक्य दिलंय, “थोडा पाला कापून घेऊन आलो” या अर्थाचं. उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’, मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, आणि कन्नडमध्येही तोच क्रम, पाला, जरा, कापून, घेऊन, आलो, प्रत्येक तुकड्याच्या जागी कन्नडचा तुकडा. त्यांचा दावा असा की गावातल्या तिन्ही भाषांचं व्याकरण जवळजवळ एकच झालंय, शब्द तेवढे वेगळे राहिलेत, कारण घरात कोणते शब्द वापरता यावरून तुम्ही कोणाचे ते ठरतं.

दावा जरा जास्तच गोळीबंद होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी काही दशकांनी तिथे परत जाऊन काम केलं आणि तिन्ही भाषा इतक्या तंतोतंत जुळतात हे चित्र ताणलेलं आहे असं दाखवलं. तरी मूळ धडा टिकतो. घट्ट दुभाषी गावात मांडणी सरकते, आणि तेव्हासुद्धा प्रत्ययांचे आवाज आपापल्या भाषेचेच राहतात. मराठी ‘कापून’चा ‘ऊन’ कन्नडमध्ये गेला नाही, कन्नडने स्वतःचाच प्रत्यय त्या जागी चालवला.

## उलटी उतरंड

आतापर्यंत धरून चाललो की माणूस आपली भाषा ठेवतो आणि तीत बाहेरच्या गोष्टी आणतो. पण अजून एक प्रकार आहे आणि खान्देशासाठी तोच जास्त महत्त्वाचा. अख्खा समाज आपली भाषा सोडून दुसरी भाषा बोलायला लागतो. याला भाषापालट म्हणू.

दुसऱ्या मुलखातली सून खान्देशातल्या घरात येते. पहिल्या दिवसापासून भांडी सासरची, मसाला सासरचा, आठवड्याभरात ती कळण्याची भाकरी आणि शेवभाजीही करायला लागते, माहेरचं एक भांडं स्वयंपाकघरात नसतं, पण फोडणीला तेल किती आणि मीठ कधी टाकायचं हा हात माहेरचा राहतो आणि खाणाऱ्याला ते पहिल्या घासाला कळतं. भाषापालटात तेच होतं. नवीन भाषेचे शब्द लोक जाणूनबुजून शिकतात, ते दिसतात, चुकले तर हसतात लोक. उच्चार, सूर आणि वाक्याची मांडणी जुन्या भाषेची राहून जाते कारण ती आपण वेगळी करतोय हेच माहीत नसतं. म्हणजे आधी उच्चार आणि मांडणी, शब्द सगळ्यात शेवटी आणि तेही थोडेच. उतरंड उलटी.

हा फरक थॉमसन-कॉफमन यांनीच ठासून मांडला आणि माझ्या मते त्यांच्या कामातला हाच भाग सगळ्यात उपयोगाचा आहे. कारण त्यावरून उलट दिशेने अंदाज बांधता येतो. भाषेत परके शब्द ढिगाने आणि व्याकरण जागच्या जागी, तर बोलणाऱ्यांनी आपली भाषा ठेवून उसनं घेतलं. शब्द शंभर टक्के नवीन भाषेचे पण मांडणी वेगळीच, तर बोलणाऱ्यांची आधीची भाषा दुसरी होती.

आपल्याकडचं “काय करून राहिला?” घ्या. जळगाव-धुळ्याच्या मराठीत सर्रास, पुण्यात गेलं की यावरून आपल्याला ओळखतात. एकूण एक शब्द मराठी. पण घरात अहिराणीत हेच ‘काय करी राह्यना’ असतं. घरी अहिराणी बोलणारा माणूस शाळेत मराठी बोलायला लागला, शब्द सगळे बदलले, साचा राहिला. विदर्भातही ‘करून राहिला’ आहे आणि तिथे लोक ते हिंदीच्या ‘कर रहा’वर ढकलतात. म्हणजे तेच वाक्य, एकीकडे घरच्या भाषेचा शिल्लक राहिलेला साचा असेल, दुसरीकडे शेजारून आलेला. वाक्य बघून हे ठरत नाही, बोलणाऱ्यांची घरची भाषा कोणती होती ते विचारावं लागतं.

## आता ‘ना-नी-नं’

मालकी दाखवायला मराठीत रामचा, रामची, रामचं. गुजरातीत रामनो, रामनी, रामनुं. अहिराणीत रामना भाऊ, रामनी बहीन, रामनं घर. नीट बघितलं तर इथे दोन तुकडे आहेत. ‘न’ हा आवाज गुजरातीशी जुळतो, भिलीच्या बऱ्याच बोलींमध्येही तो आहे. पण पुढचे स्वर, पुल्लिंगाचा ‘आ’ आणि नपुंसकाचा ‘अं’, हे मराठीसारखे आहेत, गुजरातीचे ‘ओ’ आणि ‘उं’ नाहीत. घरमा हे गुजरातीच्या घरमां सारखं. ‘आहे’ला शे, तिकडे छे. आणि ‘मला’ला ‘माले’, गुजरातीत ‘मने’, म्हणजे इथे अहिराणी गुजरातीच्या बाजूला नाहीच, वऱ्हाडीच्या ‘मले’च्या बाजूला आहे.

मूळ मराठी आणि वरून गुजराती मिसळली, हे म्हणणं आता उतरंडीला लावू. तसं झालं असतं तर आधी गुजरातीची नामं ढिगाने दिसायला हवी होती, मग ‘पण-किंवा’, मग शब्द बनवणारे प्रत्यय, आणि एवढं सगळं झाल्यावर कुठेतरी विभक्तीची पाळी. फारसीचा ‘दार’ आठवा, मागे शब्दांचा साठा असल्याशिवाय तो सुटा झाला नाही. अहिराणीत गुजरातीच्या शब्दांचा असा थर दिसत नाही. म्हणजे उतरंडीच्या खालच्या पायऱ्या रिकाम्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर माल, असं चित्र होतं, आणि उसनवारी तसं चित्र काढत नाही.

दुसरी गोष्ट, विभक्तीच उचलायची होती तर ‘ना’ आणि ‘मा’ उचलून ‘मने’मधला ‘ने’ का सोडला? ‘मला, तुला’ तर दिवसात शंभर वेळा लागतं.

तिसरी गोष्ट भूगोलाची. सीमेवरून आलेली गोष्ट सीमेपाशी दाट आणि आत जाल तशी पातळ होत जाते. ‘ना-नी-नं’ तसं वागत नाही, ते बागलाणात ऐकू येतं तसंच अमळनेरला आणि चाळीसगावच्या बाजूलाही येतं.

तेव्हा जास्त सरळ वाचन हे की ‘ना’ आणि ‘मा’ हा अहिराणीचा जुना, घरचा भाग आहे आणि आज जे मराठीसारखं दिसतं त्यातलं बरंचसं, विशेषतः शाळा, कचेरी, शेतीचे कागद, धर्म यांचे शब्द, हा वरून आलेला थर आहे. म्हणजे लोक म्हणतात त्याच्या उलटं. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खान्देशी मराठीसोबत नाही, भिली भाषांसोबत ठेवलीय, ती याच प्रकारच्या विचाराने, शब्द बाजूला ठेवून प्रत्यय बघून.

## “मग प्रत्यय कधी येतच नाहीत असं म्हणायचंय का?”

नाही, येतात. रशियाच्या पूर्व टोकाला समुद्रात मेदनी नावाचं बेट आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात रशियन शिकारी पुरुष आणि अलेउत जमातीच्या बायका यांची घरं झाली. त्यांच्या पोरांनी जी भाषा बनवली तीत क्रियापदाचा धातू अलेउत आणि त्याला लागणारे काळ-पुरुषाचे प्रत्यय रशियन, नामांच्या विभक्ती मात्र अलेउतच. उतरंडीच्या टोकाची गोष्ट सरळ हलली. पण परिस्थिती बघा, छोटं बेट, घराघरात दोन भाषा, आणि आपण ना इकडचे ना तिकडचे अशी वेगळी जमात. उतरंड हा कायदा नाही, कल आहे, आणि तो मोडलेला दिसला की इतिहासात तसंच जबरदस्त कारण शोधायचं असतं. खान्देशात गुजरातीभाषकांशी घराघरात लग्नसंबंध होऊन अख्खी नवीन जमात उभी राहिली असं कारण कोणी दाखवत नाही.

## “पण मराठी-गुजराती बहिणीच ना, त्यांच्यात कसला अडथळा?”

हा आक्षेप खरा जड आहे आणि मी वर जे सरळ वाचन म्हटलं त्याची मर्यादाही इथेच आहे. विभक्ती अडते ती कोष्टक जुळत नाही म्हणून, असं आपण म्हटलं. मराठी आणि गुजरातीचं कोष्टक जवळजवळ एकाच मापाचं आहे. दोन्हीकडे तीन लिंगं, दोन्हीकडे मालकीचा प्रत्यय पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतो. अशा वेळी ‘च’ काढून ‘न’ बसवायला फारसं काही मोडावं लागत नाही. सख्ख्या भाषांमध्ये प्रत्यय सहज इकडून तिकडे जातात हे जगात इतरत्रही दिसलंय, आणि तिथे उतरंडीचा पुरावा पातळ होतो. त्यात आणखी अडचण अशी की बहिणींचे निम्मे शब्द आधीपासून सारखेच, म्हणून ‘गुजराती शब्दांचा थर नाही’ हे सिद्ध करणंही वाटतं तेवढं सोपं नाही, जो शब्द दोन्हीकडे आहे तो उसना की वारशाने आलेला हे कसं सांगणार?

यावर उपाय उच्चारांच्या नियमांचा. जो शब्द घरचा आणि जुना असतो तो घरच्या उच्चारबदलातून गेलेला असतो, नंतर आलेला जातच नाही. उदाहरणार्थ ‘शे’ आणि ‘छे’. अहिराणीच्या इतर जुन्या, रोजच्या शब्दांमध्येही जिथे गुजरातीत ‘छ’ आहे तिथे ‘श’ किंवा ‘स’ नियमाने सापडत असेल, तर ‘शे’ घरचा, दोघींच्या एका मूळ रूपापासून आपल्या वाटेने आलेला. आणि ‘श’ फक्त या एकाच शब्दात असेल तर ‘छे’ ऐकून उचलल्याची शक्यता वाढते. हे काम शाळेत शिकलेल्या शब्दांवर करून उपयोग नाही, शेत, नातं, शरीर, जनावरं असले शब्द घ्यावे लागतात आणि तेही आतल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून.

## “म्हणजे अहिराणी गुजरातीची बोली झाली?”

ते पण नाही. घरचा प्रत्यय गुजरातीशी जुळतो म्हणजे भाषा गुजरातीची होत नाही, दोन चुलतभावांचं नाक सारखं असलं म्हणून एक दुसऱ्याचा मुलगा ठरत नाही. ‘माले’ गुजराती नाही, ‘ना-नं’चे स्वर गुजराती नाहीत. या पट्ट्यात सुरतेपासून वऱ्हाडापर्यंत सलग बोली होत्या, एक गाव सोडून दुसऱ्या गावात थोडं थोडं बदलत जाणाऱ्या, आणि ‘मराठी’ व ‘गुजराती’ या दोन पक्क्या सीमा शाळा आणि छापखान्यांनी नंतर ठळक केल्या. अहिराणी त्या पट्ट्यातला मधला तुकडा आहे, काही प्रत्यय पश्चिमेकडच्यांसारखे, काही पूर्वेकडच्यांसारखे. यात भिली बोलणाऱ्यांनी भाषापालट करताना मांडणीत किती भर घातली हा वेगळा प्रश्न, आणि त्याची खूण शब्दांत नाही तर उच्चारात आणि वाक्याच्या साच्यातच शोधावी लागेल.

रकान्यात काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, भाषा की बोली हा निर्णय व्याकरण कधीच देत नाही. पण कारण देताना “गुजराती मिसळलेली” एवढं म्हणणाऱ्याला विचारायला हरकत नाही, की बाबा मग मिसळताना एवढा अवघड ‘ना’ आला आणि सोपे शब्द कुठे राहिले?